महिन्यावार लिहिलेला अंतिम अहवाल परत आला तर

प्रश्न: आमच्या संस्थेचा खाडीत शिणाणे या शिंपल्यांच्या शेतीचा दोन वर्षांचा प्रकल्प संपला. महिन्यावार लिहिलेला ७० पानी अंतिम अहवाल देणगीदारांनी परत पाठवला आणि 'आउटपुट, आउटकम, धडे अशा रचनेत द्या' म्हणाले. सगळं पुन्हा लिहायचं का? किती पानांत बसवू?

उत्तर:

लिहायला बसूच नका, आधी नोंदी फोडा. मंजूर प्रस्तावातला उद्दिष्टांचा तक्ता काढा. मध्ये बदल किंवा मुदतवाढ मंजूर झाली असेल तर सुधारित तक्ता घ्या. मग एक्सेलमध्ये महिन्यावार अहवालातली, म्हणजे तुमच्या डायरीची, एक नोंद एका ओळीत टाका: क्रमांक, तारीख, मजकूर, पुरावा, कुठलं उद्दिष्ट, कुठला प्रकार. सगळं भरलं की तारखेऐवजी उद्दिष्टानुसार क्रम लावा. कुठल्याच उद्दिष्टाला न चिकटणाऱ्या नोंदी (उद्घाटन, पाहुण्यांच्या भेटी) तिथेच उघड्या पडतात. ज्या उद्दिष्टाखाली एकही नोंद नाही, तेही दिसतं. ते लपवू नका, का झालं नाही ते लिहा. तपासणारा तोच तक्ता समोर ठेवून वाचतो.

प्रकार ठरवताना कर्ता बघा. 'आम्ही प्रशिक्षण दिलं' ही कृती. त्यातून हाती आलेलं, म्हणजे शिकलेल्या बायका आणि पाण्यात उभे राहिलेले तराफे, हे आउटपुट. आउटकममध्ये कर्ता तुम्ही नसता. दुसऱ्या हंगामात गटाने स्वतःच्या बचतीतून दोर घेतले, हा आउटकम. डायरीत असली वाक्यं कोपऱ्यात पडलेली असतात: 'आज दोन गटांनी दोराची चौकशी केली.' पुढे खरेदी झाली का, ते गटाच्या इतिवृत्तात आणि पासबुकात सापडतं. उत्पन्न वाढलं असं लिहायचं तर आधीचा आकडा हवा. तो घेतलाच नसेल तर आता आठवणीने विचारून टक्केवारी काढू नका. विक्रीच्या पावत्यांतून निघेल तेवढंच द्या आणि 'प्रकल्पापूर्वीची नोंद उपलब्ध नाही' हे त्याच परिच्छेदात सांगा.

आता धडे. 'डायरीच खरी, बाकी सजावट' म्हणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांशी माझं भांडण इथेच आहे. डायरी कारण आणि परिणाम चाळीस पानांच्या अंतरावर ठेवते. समजा तुमच्या नोंदी अशा आहेत: ऑक्टोबर, देणगीचा हप्ता आला नाही. डिसेंबर, हप्ता जमा. जानेवारी, खडकावरचं बीज काढून दोरांवर कापडात गुंडाळलं. मे, शिणाणे लहान, व्यापाऱ्याने नाकारले. जून, खाडीला गोडं पाणी, मर. प्रत्येक नोंद खरी, पण वाचणाऱ्याला वाटतं की पावसाने घात केला. पाचही ओळी एका उद्दिष्टाखाली आल्या की खरं कारण दिसतं. शिणाण्यांना विक्रीजोगं व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात आणि आगोटीच्या आत काढणी उरकावी लागते, कारण पावसाळ्यात खाडीची क्षारता कोसळते. जानेवारीत बीज लावलं तेव्हाच हंगाम हातचा गेला होता.

यातून धडा लिहायचा तो असा: काय गृहीत धरलं, काय झालं, कशामुळे, पुढच्या वेळी काय बदलायचं. 'बीज-लावणीचा पैसा सप्टेंबरअखेर हातात हवा. हप्ता लांबला तर त्या हंगामात लावणी करू नये, उद्दिष्ट पुढच्या हंगामात नेण्याची लेखी मंजुरी घ्यावी.' हे देणगीदारालाही लागू पडतं, म्हणून अनेक संस्था ते लिहायला कचरतात आणि 'समन्वय महत्त्वाचा आहे' असं काहीतरी छापतात. तसं वाक्य कुठल्याही प्रकल्पाला चालतं, म्हणून ते काढून टाका. हप्त्याची तारीख बँकेच्या विवरणपत्रातून द्या, म्हणजे ती तक्रार वाटत नाही. धडे तीन-चारच ठेवा आणि प्रत्येकापुढे डायरीचे नोंद-क्रमांक द्या.

डायरी फेकू नका. एका पानाचा कालक्रम परिशिष्टात जातो, मूळ वही कार्यालयात राहते. सगळ्यात जास्त घोळ आकड्यांत होतो: मजकुरात तराफे २०, उपयोगिता प्रमाणपत्राच्या खर्चात १८. केंद्र सरकारचं अनुदान असेल तर हे प्रमाणपत्र जीएफआर १२-अ नमुन्यात जातं. मजकूर पक्का करण्याआधी लेखापालाबरोबर बसून प्रत्येक संख्या जुळवा.

पानांचं म्हणाल तर देणगीदाराचा नमुना असेल तर तोच पाळा, माझं वरचं सगळं त्याच्या रकान्यांत बसतं. आणि मुदतवाढीवरून किंवा परत मागितलेल्या रकमेवरून वाद चालू असेल तर तेवढ्या भागापुरता तारखांचा क्रम मोडू नका, तिथे तारीख हाच पुरावा असतो.