जास्त बोली लावल्याने जिंकलेल्या फेऱ्या नेमक्या कोणत्या असतात?

प्रश्न: दुसऱ्या किमतीच्या लिलावात आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावावी असं सगळीकडे वाचलं. पण जिंकल्यावर पैसे तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच द्यायचे असतात ना? मग थोडी जास्त बोली लावून जिंकायची शक्यता वाढवली तर बिघडलं कुठे?

उत्तर:

बोली वाढवली की जिंकायची शक्यता वाढते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्या वाढलेल्या शक्यतेत कोणत्या फेऱ्या येतात ते बघा, सगळी गोम तिथेच आहे.

समजा, वस्तू तुमच्या लेखी 60 गुणांची आहे. (मी हा विषय शिकवते आणि वर्गात पैशांऐवजी गुणांवर लिलाव खेळवते, म्हणून गुण म्हणते.) इतरांच्या बोल्यांमधली सगळ्यात मोठी बोली हा तुमच्यासमोरचा आकडा. तो तुम्हाला माहीत नाही. तुम्ही लिफाफ्यात 60 लिहायचे की 70, एवढंच ठरवायचंय. समोरचा आकडा 60 च्या खाली असेल, समजा 45, तर 60 लिहूनही तुम्ही जिंकता आणि 70 लिहूनही. दोन्ही वेळा 45 च देता. तो 70 च्या वर असेल तर दोन्ही वेळा हरता. म्हणजे या दोन बोल्यांमध्ये फरक पडतो तो समोरचा आकडा 60 आणि 70 च्या मध्ये असेल तेव्हाच. समजा तो 66 आहे. 60 लिहिले असते तर तुम्ही हरून रिकाम्या हाताने परतला असता. 70 लिहिलेत म्हणून जिंकलात, आणि 60 ची वस्तू 66 ला घेतलीत.

जास्तीच्या बोलीने मिळालेला प्रत्येक विजय असाच असतो. ज्या फेऱ्या तुम्ही फायद्यात जिंकणार होता त्या खऱ्या बोलीने आधीच तुमच्या होत्या. बोली वाढवून तुम्ही पदरात पाडून घेता त्या फक्त तोट्याच्या फेऱ्या.

कमी बोलीचंही असंच, फक्त बाजू उलटी. 60 ऐवजी 50 लिहिले तर द्यायची किंमत एका गुणानेही कमी होत नाही, कारण ती तुमच्या बोलीवर ठरतच नाही. समोरचा आकडा 53 निघाला, तर सात गुणांचा फायदा मात्र हातचा जातो.

तुमची बोली जिंकणार की हरणार एवढंच ठरवते. किती द्यायचे ते दुसरे ठरवतात. म्हणून इतरांच्या मनात काय आहे, ते हुशार आहेत की वेडेवाकडे आकडे टाकताहेत, याचा अंदाज बांधावाच लागत नाही. समोरचा आकडा काहीही असो, खऱ्या बोलीपेक्षा दुसरी कोणतीही बोली जास्त फायदा देऊ शकत नाही. अशा डावपेचाला वर्चस्वी डावपेच म्हणतात. जिथे आपलीच बोली भरावी लागते त्या साध्या बंद लिलावात हे सुख नाही. तिथे खरी किंमत लिहिली तर जिंकूनही फायदा शून्य, म्हणून बोली खाली खेचावीच लागते, आणि किती खेचायची हे प्रतिस्पर्धी किती आणि कसे, यावर अवलंबून असतं.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. हा युक्तिवाद चार ओळींचा आहे, तरी समजूतदार माणसंही जास्त बोली लावतात आणि लावतच राहतात. माझ्या वर्गात एका मुलीच्या चिठ्ठीवर मूल्य होतं 60. तिने 75 लिहिले. तिच्या खालोखालची बोली 71 निघाली. ती जिंकली आणि तिच्या खात्यातून 11 गुण गेले. मी विचारलं, ‘‘75 का लिहिलेस?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, 75 द्यावे लागणार नाहीत हे माहीत होतं.’’ हे वाक्य खरं आहे आणि तरीही ते तिला चुकीच्या जागी घेऊन गेलं. 75 द्यावे लागणार नाहीत, पण 61 ते 75 मधलं काहीही द्यावं लागू शकतं, आणि त्या पट्ट्यातला एकही आकडा तिला परवडणारा नव्हता.

अनुभवातून माणूस लवकर का सुधारत नाही, तेही मोजून बघता येतं. समोरचा आकडा 1 ते 100 पैकी काहीही, सगळे सारख्याच शक्यतेचे, आणि बरोबरी झाली तर वस्तू तुम्हाला असं धरा. शंभर फेऱ्यांत प्रत्येक आकडा एकेकदा आला असं समजू. कायम 60 लिहिलेत तर 60 फेऱ्या जिंकता आणि एकूण 1770 गुण कमावता. कायम 70 लिहिलेत तर 70 फेऱ्या जिंकता, पण शेवटच्या दहांत 1 पासून 10 पर्यंत तोटा होतो, म्हणजे 55 गुण जातात आणि हाती उरतात 1715. आता 70 लिहिणाऱ्याच्या जागी बसून बघा. शंभरांतल्या नव्वद फेऱ्यांत त्याला खऱ्या बोलीवाल्याएवढंच मिळतं. जिंकलेल्या सत्तरांपैकी एकोणसाठ फायद्याच्या, एक ना फायद्याची ना तोट्याची. उरलेल्या दहांतला तोटाही सरासरी साडेपाच गुणांचा. चूक आहे, पण ती क्वचित आणि हळूच टोचते. जिंकल्याचा आनंद मात्र दर वेळी मिळतो. कागल, हार्स्टॅड आणि लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच दिसलं: बंद लिफाफ्याच्या दुसऱ्या किमतीच्या लिलावात लोक खऱ्या मूल्याच्या वर बोली लावत राहिले. चढत्या लिलावात मात्र लोक पटकन खऱ्या मूल्यावर आले.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण खासगी मूल्यांच्या बाबतीत, म्हणजे वस्तूचं मोल ज्याचं त्याने आपल्यापुरतं ठरवलेलं असतं तेव्हा, दोन्ही लिलावांचा निकाल एकच असतो. चढत्या लिलावात किंमत पायरीपायरीने वर जाते आणि ज्याला परवडत नाही तो हात खाली घेतो. शेवटून दुसरा माणूस जिथे हात खाली घेतो तिथे लिलाव थांबतो, म्हणजे जिंकणारा जवळपास दुसऱ्याच्या मर्यादेएवढीच किंमत देतो. मी त्याच वर्गात तीच चिठ्ठी ठेवून चढता लिलाव घेतला. मी आकडे पुकारत होते: 57, 58, 59, 60. 61 म्हटल्याबरोबर त्या मुलीचा हात खाली. तिला कुणी समजावलं नव्हतं. 61 ला तिच्यापुढचा प्रश्न अगदी उघडा होता: इथून पुढे जिंकले तर तोट्यातच जिंकणार, मग हात वर ठेवू कशाला? लिफाफ्यात हाच प्रश्न सगळ्या शक्यतांच्या आड लपलेला असतो. समोर 20 असेल तर काय आणि 71 असेल तर काय, हे एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. अर्थशास्त्रज्ञ शेंगवू ली यांनी 2017 मध्ये या फरकाला नेमकी व्याख्या दिली: चढत्या लिलावात खरं वागणं ‘उघडच’ उत्तम असतं, बंद लिफाफ्यात ते उत्तम असतं पण उघड नसतं.

म्हणून माझा सल्ला हा: लिफाफा भरताना मनातल्या मनात चढता लिलाव चालवा. आकडा वर जातोय, तुम्ही हात कुठे खाली घ्याल? जिथे वस्तू मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखंच वाटेल, तो आकडा लिहा. ऑनलाइन लिलावात प्रॉक्सी बोली असते ती हेच काम करते. तुम्ही मर्यादा सांगता आणि यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढंच वर चढते. ‘एका पायरीने हुकलं हो, अजून थोडं टाकलं असतं’ अशी हळहळ वाटली, तर समजावं की लिहिलेला आकडा आपली खरी मर्यादा नव्हताच.

दुसऱ्या किमतीची ही पद्धत अर्थशास्त्रात नीट मांडली ती विल्यम विक्री यांनी, 1961 च्या लेखात. 1996 चा अर्थशास्त्राचा नोबेल त्यांना जेम्स मिर्लीस यांच्याबरोबर मिळाला, आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत ते गेले. प्रत्यक्षात ही पद्धत किती अवघड जागी आणू शकते हे न्यूझीलंडने 1990 मध्ये पाहिलं. तिथे रेडिओलहरींचे परवाने दुसऱ्या किमतीने विकले, तेही राखीव किंमत, म्हणजे त्याखाली विकायचंच नाही असा आकडा, न ठेवता. एका कंपनीने 1,00,000 डॉलरची बोली लावली आणि दुसरी बोली निघाली 6 डॉलर. तिने 6 डॉलरच भरले. सरकारवर टीका झाली. राखीव किंमत हवी होती, हे बरोबर. पण ‘लाख घ्यायचे सोडले’ हा आक्षेप मला पटत नाही. स्वतःची बोलीच भरायची असती तर त्या कंपनीने लाख लिहिलेच नसते. तो आकडा कागदावर आला तोच मुळी तो द्यावा लागणार नव्हता म्हणून.

हे सगळं दोन गोष्टींवर उभं आहे आणि बोली लावण्याआधी त्या तपासायला हव्यात. पहिली म्हणजे विकणारा प्रामाणिक हवा. त्याने तुमचा 60 चा लिफाफा गुपचूप उघडून 59 ची खोटी बोली घुसवली, तर तुम्ही खरं लिहिल्याची किंमत मोजता. चढत्या लिलावात त्याला हे इतकं सोपं नाही, कारण तुम्ही कुठे थांबणार हे त्याला माहीत नसतं आणि खोटी बोली एक पायरी जास्त चढली तर वस्तू त्याच्याच गळ्यात पडते. प्रॉक्सी बोलीत मात्र तुमचा कमाल आकडा कुठेतरी नोंदलेला असतो, म्हणून तो कुणाला दिसतो हे विचारावं.

दुसरी म्हणजे मूल्य खरोखर खासगी हवं. तपासायची खूण अशी: जाणकार माणसाने वस्तूसाठी तुमच्यापेक्षा खूप कमी बोली लावली हे कळलं, तर तुमचं मत बदलेल का? भिंतीवर लावायला आवडलेल्या चित्राबाबत बदलणार नाही. पण पुन्हा विकायला घेतलेल्या चित्राबाबत किंवा जमिनीखाली किती तेल आहे हे न कळता घेतलेल्या भूखंडाबाबत नक्की बदलेल. तिथे वस्तूचं मूल्य सगळ्यांना जवळपास एकच असतं आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. जिंकतो तो बहुधा सगळ्यात फुगवून अंदाज करणारा. अशा ठिकाणी पहिला अंदाज जसाच्या तसा लिफाफ्यात घालू नका. ‘मी जिंकलो म्हणजे बाकी सगळ्यांना हे कमी मोलाचं वाटलं’ हे आधीच धरून आकडा खाली आणा. चढता लिलाव असेल तर कोण कुठे हात खाली घेतो हे बघत आपली मर्यादाही बदलत जा.