घडीवर चिरलेली पैठणी: कसर की जीर्ण रेशीम?

«आजीची नऊवारी पैठणी ट्रंकेतून काढली. पदर घडीवर आपोआप चिरतोय आणि अंगावर बारीक भोकंही दिसतात. कसर लागली का? पुढच्या महिन्यात जाणकाराला दाखवून किंमत करून घ्यायची आहे. तोवर धुऊन, रफू करून ठेवू का?»

धुऊ नका आणि रफूही नको. वर्णनावरून ही दोन वेगळी दुखणी वाटतात. ती आधी वेगळी ओळखा.

टेबलावर पांढरी चादर पसरा आणि पदराची चीर भिंगातून बघा. जुन्या पदरात उभा ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा जरीचा असतो. जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. पन्नास-साठ वर्षं एकाच रेघेवर घडी राहिली की ताण्याचं रेशीम तिथे सतत वाकलेलं राहतं, आणि त्यावर जड पदराचा भार व धातूच्या कडांचं घासणं. ऊन, घाम आणि काही जुने रंग, विशेषतः लोह घातलेले काळे, यांनी रेशीम आतून आधीच ठिसूळ झालेलं असतं. मग ताणा तुटतो आणि जरीच्या तारा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लोंबत राहतात. चीर सरळ असेल, दोन्ही काठ जुळवले तर जुळत असतील आणि धागा हरवलेला नसेल, तर ते कसरीचं काम नाही. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात रेशमाचं वजन वाढवायला कथिलाचे क्षार मुरवत. तसलं विलायती कापड पेटीत न वापरता ठेवलं तरी फाटतं. पैठणीचं कारण सहसा ते नसतं.)

भोकांचं उलटं. तिथे धागा गेलेलाच असतो, कड वेडीवाकडी कुरतडलेली असते. आपण फडफडणाऱ्या पतंगाला मारतो, पण तो काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला लोकर जास्त आवडते, रेशमावर ती बहुतेक घामाच्या किंवा खरकट्याच्या डागापाशी सापडते. रेशमात मला जास्त वेळा आढळलेत ते एका छोट्या भुंगेऱ्याच्या केसाळ अळीने टाकलेल्या तपकिरी काती. चादरीवर कापडाच्याच रंगाचे वाळूसारखे कण पडले, तर ती विष्ठा समजा. साडी स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत, खाली पांढरा कागद घालून, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. कागदावर नवे कण आले नाहीत तर कीड जुनी आहे. आले, तर लगेच जाणकाराला कळवा. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवण्याचा उपाय आहे, पण चिरलेल्या जरीच्या कापडावर तो मी स्वतःहून करणार नाही.

आता ठेवणं. तीन-चार इंच व्यासाची पुठ्ठ्याची नळी साडीच्या पन्ह्यापेक्षा लांब घ्या. पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागू नये म्हणून तिच्यावर अॅल्युमिनियम फॉईल आणि त्यावर दोनदा धुतलेला, खळ नसलेला मांजरपाट गुंडाळा. साडी जरीची बाजू बाहेर ठेवून, थराथरात मलमल घालत, न ओढता गुंडाळा. पदर फारच चिरला असेल तर गुंडाळू नका. सपाट ठेवा आणि घडी पडेल तिथे मलमलीची सुरळी घाला. वर सुती कापड. प्लॅस्टिकचं वेष्टण नको, रबरबँड आणि वर्तमानपत्रही नको, कारण रबरातल्या गंधकाने जर काळी पडते. नॅफ्थलीनच्या गोळ्या तर काढूनच टाका. वेखंडाची पुरचुंडी हवी तर कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. आणि पावसाळ्यानंतर साड्यांना ऊन दाखवायची जी रीत आपल्याकडे आहे, ती या साडीपुरती मोडा; वाऱ्याची सावली पुरे.

मी एकदा मावशीचा शालू दाखवण्याआधी चकाचक करायला दिला होता. काळी पडलेली जर उजळली खरी, पण मुलामाही निघाला. बघणाऱ्याने आधी विचारलं ते हेच की मूळ रंग कुठे आहे, आणि माझ्याकडे दाखवायला एक धागाही नव्हता. म्हणून तुटलेल्या तारा, गळलेले तुकडे बटरपेपरच्या पाकिटात ठेवा आणि कुठून पडले ते त्यावर पेन्सिलने लिहा. पदर, काठ, चीर आणि उलटी बाजू यांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा.

एक सावधगिरी. जरीवर हिरवट गंज दिसला तर तांबं असण्याची शक्यता आहे. खरी जर सहसा काळवंडते. पण चांदीतही थोडं तांबं असू शकतं, म्हणून निकाल तुम्ही लावू नका. आणि दारावर येऊन "जुनी जर घेतो" म्हणणाऱ्याला किंमत विचारू नका. तो चांदीच्या वजनाचा भाव सांगतो, विणकामाचा नाही, आणि विकलीत तर साडी जाळून चांदी काढतो.