वळणावर सायकल किती झुकते?

प्रश्न: बडोद्यात सूरसागरजवळच्या वळणावर माझ्याहून वीस किलो जड मित्र माझ्याइतकाच झुकतो. असं कसं?

कारण झुकण्याचा कोन वजनावर नाही, वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो: tan θ = v²/(r·g), इथे θ हा झुकण्याचा कोन, v वेग, r त्रिज्या आणि g म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८. आत खेचणारं घर्षण सायकलला बाहेर उलटवू पाहतं आणि झुकल्यामुळे वजन आत पाडू पाहतं. दोन्ही परिणाम वस्तुमानाच्याच पटीत असल्याने वस्तुमान कटतं.

त्रिज्या १० मीटर, वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरा. २५ भागिले ९८ म्हणजे सुमारे ०.२६, कोन उभ्या रेषेपासून १४ अंश. वेग ताशी २७ किमी केलात की कोन थेट ३० अंश, कारण वेगाचा वर्ग होतो. वेग १८ च ठेवून त्रिज्या निम्मी केली तर २७ अंश.

मात्र हा कोन टायरपासून दोघांच्या (स्वार अधिक सायकल) एकत्रित गुरुत्वमध्यापर्यंतच्या रेषेचा आहे. अंग आत टाकलंत तर सायकल कमी झुकलेली दिसेल. आणि tan θ घर्षणांकापेक्षा जास्त झाला की चाक सरकतं. वाळूवर घर्षणांक ०.३ इतका उतरला, तर याच वळणावर ताशी साडेएकोणीस किमीलाच घसराल, कितीही सफाईने झुका.