हॉलमधला सोफा-कम-बेड

‘मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी हैदराबादला गेली. आता घरात आम्ही दोघंच. भांडण नाही, पण बोलायला विषयच नाही. नवरा-बायको म्हणून आमच्यात काही उरलंय का, अशी भीती वाटते.’

तुमचं पत्र वाचून एक जोडपं आठवलं, मुलुंडहून माझ्याकडे समुपदेशनासाठी यायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्यांचंही असंच होतं. पहिल्या भेटीत तासभर धाकटीच्या हॉस्टेलचं जेवण, तिचा खोकला, तिचा न आलेला फोन. शेवटी मी विचारलं, ‘तुम्ही झोपता कुठे?’

दोघंही गप्प.

घर वन बीएचके. धाकटी दहावीला गेली तशी बेडरूम तिला आणि आईला मिळाली, काका हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर गेले. वर्षभरासाठी. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग. आता पोरगी इंदूरला जाऊन चार महिने झाले, तरी काका हॉलमध्येच. काकूंना वाटे, यांना यायचंच नाही. काकांना वाटे, माझ्या घोरण्याने हिची झोपमोड होते, ती सुटली असेल. मुंबईच्या घरांत हे इतकं दिसतं की मी हा प्रश्न आता लवकरच विचारते.

‘आजपासून एकत्र झोपा’ असं मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी ती जबरदस्ती वाटते. आधी रोज वीस मिनिटं एकमेकांशी बोला, मुलीचा विषय वगळून, असं सुचवलं. ते साफ फसलं. समोरासमोर बसले की परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं, पाचव्या मिनिटाला टीव्ही लागायचा. चूक माझीच होती. सवय मोडलेल्या माणसांना नजरेला नजर देऊन बोलणं जड जातं. शेजारी चालताना किंवा हाताला काम असताना सोपं पडतं. मग संध्याकाळची भाजी दोघांनी मिळून आणायची ठरवलं. मुलीला फोन दोघांनी एकत्र, तोही दिवसाआड, कारण ‘बाबांना सांग गोळी घ्या’ असे निरोपसुद्धा इंदूरमार्गे जात होते!

घोरण्यासाठी काकांना डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेत श्वास अडखळतो असं काकू म्हणाल्या होत्या, आणि त्यावर उशी बदलून भागत नाही, तपासणी लागते.

तुमच्याकडे आधी बघा: निरोप मुलीमार्फत जातात का? तिच्या अभ्यासासाठी केलेली कुठली ‘तात्पुरती’ सोय अजून तशीच आहे? पण दोघांपैकी कुणाची दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नैराश्याचा भाग असू शकतो. तेव्हा भाजी आणण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

तिसऱ्या महिन्यात काकू एकट्याच आल्या. म्हणाल्या, परवा मेथी निवडता निवडता मी विचारलं, ‘पाठ दुखत नाही का हो त्या सोफ्यावर?’ ते म्हणाले, ‘सात वर्षं दुखतेय.’

त्या रात्री ते उशी घेऊन आत आले. घोरले म्हणे भरपूर.