हात वर न करणाऱ्या मुलांसाठी एक ओळ

प्रिय मित्रा,

पोस्टरचा खर्डा मिळाला. वरच्या ओळीत ‘भव्य आंतरशालेय प्रश्नमंजूषा स्पर्धा’, मधोमध ‘ज्ञानाच्या रणांगणात उतरा, आपली बुद्धिमत्ता सिद्ध करा!’ आणि खाली प्रकाशझोतात बझरवर हात आपटणारा मुलगा. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस की दरवर्षी तीच ती मुलं नाव देतात, मागच्या बाकावरची फिरकतही नाहीत, यंदा ती यायला हवीत. मग तुझ्या पोस्टरवर बोलावणं नेमकं कुणाला गेलंय ते बघ. रणांगण म्हटलं की ज्याला लढायला आवडतं तो आधीच धावत येतो. वक्तृत्वात, एकपात्रीत, स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनात त्याचंच नाव असतं. दुसऱ्या मुलीला उत्तर येतं, पण वर्गात विचारलं की ती वहीत मान घालते. ‘सिद्ध करा’ वाचून ती एवढंच समजते की चुकलं तर सगळ्यांसमोर चुकणार. आणि ‘भव्य’ या शब्दाने तिच्या डोळ्यांसमोरचं सभागृह आणखी शंभर खुर्च्यांनी मोठं होतं.

चिठ्ठीत तू एक पर्याय सुचवलायस, ‘लाजू नका, पुढे या!’ हा तर मुळीच नको. जो कुणी त्या पोस्टरसमोर थांबेल तो लाजाळू, असा शिक्काच तू भिंतीवर मारून ठेवतोस. मधल्या सुट्टीत अख्ख्या वर्गादेखत त्याच्यासमोर कोण थांबेल?

बझरचं चित्रही काढून टाक. क्विझ म्हणजे एकटा माणूस, अंधार आणि तोंडावर झोत, हे दृश्य टीव्हीने आपल्या डोक्यात पक्कं केलंय. बीबीसीवर १९७२ साली सुरू झालेल्या ‘मास्टरमाइंड’ या कार्यक्रमाची काळी खुर्ची त्यात सगळ्यात गाजलेली. तो कार्यक्रम ज्यांनी रचला ते बिल राइट दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते, गेस्टापोने त्यांची चौकशी केली होती, आणि त्या चौकशीवरूनच त्यांना खुर्चीची कल्पना सुचली. म्हणजे बुजऱ्या मुलांना ते दृश्य पाहून घाम फुटतो त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

आता शीर्षकाकडे वळण्याआधी तुझ्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना गाठ आणि नियम विचारून घे. एका शाळेतून किती संघ घेणार? एकच घेणार असाल तर वर्गशिक्षक पहिल्या दोन नंबरांची नावं कळवून मोकळे होतील आणि पोस्टर नुसतं भिंतीची शोभा होईल. पहिली फेरी लेखी ठेवा, शाळेतल्या शाळेत, जोडीने, आणि तिला कितीही जोड्या बसू द्या. तिचे गुण जाहीर वाचायचे नाहीत, पुढे गेलेल्यांची नावं तेवढी लावायची. स्टेज आणि बझर फक्त अंतिम फेरीला. एवढं मान्य झालं तरच शीर्षकाला काही आधार आहे. नाहीतर गोड बोलून मुलांना हॉलमध्ये आणाल आणि बझरपुढे उभं कराल. ती मुलं पुढच्या वर्षी तुझ्या कुठल्याच पोस्टरवर विश्वास ठेवणार नाहीत.

नियम ठरले असं धरून पुढे जाऊ. अशा मुलाला पोस्टरने ‘ये’ म्हणून बोलावण्यापेक्षा सरळ प्रश्न विचारावा असं माझं मत आहे. त्याचा अडथळा ज्ञानाचा नसतो, हात वर करण्याचा असतो. भिंतीवरचा प्रश्न वाचला की मनातल्या मनात उत्तर दिलं जातंच, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी बघतही नाही. म्हणजे पोस्टर वाचून होईपर्यंत तो खेळायला लागलेला असतो.

सगळी गंमत प्रश्नाच्या निवडीत आहे. समज, तू लिहिलंस, ‘मुंबईत विजेवरची पहिली लोकल कधी धावली?’ उत्तर ३ फेब्रुवारी १९२५, बोरीबंदर ते कुर्ला. प्रश्न छान आहे, पण त्याचं उत्तर पाठांतर केलेल्यालाच येणार, आणि बाकीच्यांना पोस्टर पहिल्याच ओळीत सांगणार की हे तुझ्यासाठी नाही. उलट ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती?’ विचारलंस तर आठवीचा मुलगा हसून पुढे जाईल. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर पुस्तकात नसून रोजच्या येण्याजाण्यात आहे, आणि ज्यावर दोघांत वाद होऊ शकतो. दादरच्या शाळांसाठी मी हा घेईन:

‘दादरचा पाच नंबर: मध्यचा की पश्चिमचा?’

हा का चांगला, ते बघ. डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेंचे आकडे एकपासून सुरू व्हायचे, म्हणजे पाच नंबर दोन्हीकडे होता आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या जिन्याने उतरायचा. मग मध्य रेल्वेने आपले प्लॅटफॉर्म आठपासून पुढे मोजायला घेतले. आता एक ते सात पश्चिमचे, आठ ते चौदा मध्यचे. म्हणजे आज उत्तर एकच, पश्चिम. पण घरी बाबांना विचारलं तर ते जुन्या सवयीने ‘दोन्हीकडे आहे’ म्हणतील आणि जेवताना वाद रंगेल. रोज क्लासला लोकलने जाणाऱ्या अबोल मुलीला हे तिच्या बाबांपेक्षा आणि कदाचित वर्गातल्या पहिल्या नंबरापेक्षाही जास्त पक्कं माहीत असतं. तुझी ओळ तिला नेमकं तेच जाणवून देते, तेही तिचं कौतुक वगैरे न करता. (छापण्याआधी मात्र स्वतः दादरला उतरून पाट्या वाचून ये. प्रश्नमंजूषेच्या पोस्टरवरचंच उत्तर चुकलं तर स्टाफरूममध्ये वर्षभर चघळतील.)

स्पर्धा आंतरशालेय आहे, तेव्हा सगळीकडे दादर चालणार नाही. ओळीचा साचा तोच ठेव, प्रश्न त्या भागातला घे. भायखळ्याला ‘राणीच्या बागेतले पेंग्विन: हम्बोल्ट की एम्परर?’ बोरिवलीला ‘मुंबईचं शेवटचं स्टेशन: दहिसर की मीरा रोड?’ दोनच पर्याय द्यायचे, म्हणजे ज्याला येत नाही तोही एक बाजू घेतो आणि शेजारच्याला कोपर मारतो. तिथेच जोडी जमते. मोबाइलवर कुणी उत्तर शोधलं तर शोधू दे, ही काही परीक्षा नव्हे.

प्रश्नाखाली लगेच दुसरी ओळ हवी आणि तिने अगदी छोटं काम सांगावं: ‘उत्तर मनात आलं? लिहा आणि पेटीत टाका. चुकलं तरी प्रवेश पक्का.’ पोस्टरखाली चिठ्ठ्यांची गड्डी आणि एक बंद पेटी ठेव. चिठ्ठीवर उत्तराची जागा, नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली दोन चौकोन: ‘मला स्पर्धेत यायचंय’ आणि ‘जोडीदार तुम्हीच सुचवा’. पहिल्या चौकोनात खूण नसेल तर त्या मुलाला धरून आणायचं नाही, त्याने फक्त उत्तर दिलं असं समजायचं. दुसरा चौकोन विसरू नकोस. क्विझला घाबरत नाहीत पण ‘माझ्याबरोबर येशील का?’ हे विचारायला घाबरतात, अशी मुलं तुला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात. सूचनाफलकावर नावं लिहायचा तक्ता मात्र लावू नकोस. त्यावर पहिलं नाव कोण लिहिणार इथेच सगळं अडतं, आणि खोडसाळ पोरं भलत्याचंच नाव लिहून ठेवतात ते वेगळंच.

तिसरी ओळ बारीक अक्षरात, पण खरी: ‘पहिली फेरी लेखी, जोडीने. स्टेजवर फक्त अंतिम सहा जोड्या.’ अंतिम फेरी लपवू नकोस. पाहुण्यांची नावं, प्रायोजक, मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो हे सगळं अगदी तळाला. अध्यक्ष रुसतील, त्यांना माझ्याकडे पाठव.

मापाचं थोडं. मुलं पोस्टर साधारण दहा फुटांवरून बघतात, तेवढ्यावरून सहज वाचायला अक्षर इंचभर उंचीचं लागतं. ए-थ्री कागद उभा धरलास तर एका ओळीत नऊ-दहा अक्षरंच मावतील, म्हणून दादरची ओळ तीन ओळींत तोड: ‘दादरचा पाच नंबर’, ‘मध्यचा की’, ‘पश्चिमचा?’ देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, तेव्हा ओळींमध्ये इंग्रजी पोस्टरपेक्षा जास्त मोकळी जागा सोड. फार जाड अक्षर घेतलंस तर ‘श्चि’ची पोकळी बुजून काळा ठिपका दिसतो. ‘मुक्ता’ या फॉन्टचं मध्यम जाडीचं वळण पुरेल. छपाईवाल्याकडे फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून दे, नाहीतर त्याच्या मशीनवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटून हलन्त बाहेर येतात, आणि ते कळतं ते छापून झाल्यावर.

लावायची जागा म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या नळांसमोर किंवा जिन्याच्या वळणावर, जिथे मुलं तशीही रेंगाळतात. तिथे वाचलं तरी ‘हा पोस्टर वाचतोय’ असं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी तर नकोच नको. दोन अधिवेशनांच्या शाळेत पेटी सकाळी भरली की दुपारच्या मुलांना चिठ्ठ्या उरत नाहीत, म्हणून मधल्या वेळेत ग्रंथपालबाईंना गड्डी बदलायला सांगून ठेव.

सगळ्या प्रती छापण्याआधी एकच साधी प्रिंट काढून एका शाळेत लाव आणि मधल्या सुट्टीत लांब उभा राहून बघ. ‘आवडलं का?’ असं कुणाला विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. एखाद्या गप्प मुलाला विचार, ‘हे तुला काय करायला सांगतंय?’ तो ‘स्पर्धेबद्दल आहे काहीतरी’ म्हणाला तर ओळ फसली. त्याने उलट तुलाच ‘पश्चिमचा ना?’ विचारलं तर प्रती छापायला टाक.

चिठ्ठ्या जमल्या की वर्गशिक्षकांकडून गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेची यादी माग आणि शेजारी ठेवून बघ. दोन्हीकडे तीच नावं असतील तर चिठ्ठ्यांचा ढीग कितीही मोठा असो, आपण पुन्हा त्याच मुलांना बोलावलं. नवी नावं आली पण लेखी फेरीला ती मुलं गैरहजर राहिली, तर शीर्षकाला हात लावू नकोस. तेव्हा अडचण बहुतेक फेरीच्या दिवसाची किंवा जोडीदाराची असते, ती आधी तपास.

भायखळा आणि बोरिवलीच्या ओळी मला शुक्रवारपर्यंत पाठव. गिरगावसाठी एखादा प्रश्न तूच शोध, चौपाटीवर एक फेरी मारलीस तर सापडेल.

तुझा,
काका