कॉलेजियम घटनेच्या कुठल्या कलमात आहे? कुठल्याच नाही

प्रश्न: कोर्टाने सरकारच्या कामात ढवळाढवळ करावी का गप्प बसावं? म्हणजे ॲक्टिव्हिझम चांगला की संयम? आणि जज लोक जजांनाच नेमतात, मग त्याला स्वतंत्र न्यायव्यवस्था कसं म्हणायचं?

मी ठाणे कोर्टात वकिली करतो, राहतो ऐरोलीला. तुमचा पहिला प्रश्न मला पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकू आला होता, २०१५ मध्ये, दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारती पाडायचा आदेश हायकोर्टाने दिला तेव्हा. माझा काळा कोट बघून समोरचे एक काका तावातावाने म्हणाले, "वकीलसाहेब, आता राज्य पण तुमचं कोर्टच चालवणार काय?" त्यांच्या मेहुणीचा फ्लॅट त्यातल्याच एका इमारतीत होता, त्यामुळे मी काही बोललो नाही. पण खरं सांगायचं तर ते ॲक्टिव्हिझम नव्हतंच. जमीन एमआयडीसी नाहीतर सिडकोची, बांधकामाला परवानगी नाही, पाडायची जबाबदारी कायद्यात आधीच लिहिलेली, फक्त कोणी हात लावत नव्हतं. कोर्टाने नवीन काही बनवलं नाही, जे लिहिलंय ते करा एवढंच सांगितलं. लोकांना त्रास झाला म्हणून, किंवा सरकारची पंचाईत झाली म्हणून निकाल ॲक्टिव्हिस्ट होत नाही.

खरा ॲक्टिव्हिझम बघायचा तर १९९७ चा विशाखा निकाल बघा. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर काय करायचं याचा कायदाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने घटनेतले मूलभूत हक्क आणि एक आंतरराष्ट्रीय करार समोर ठेवून नियमच लिहून दिले, कमिटी करा, तिची प्रमुख बाई असू दे, बाहेरचा एक माणूस घ्या वगैरे, आणि संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा समजा म्हणाले. संसदेने तो केला २०१३ मध्ये. म्हणजे १६ वर्षं आपल्या ऑफिसांमध्ये जजांनी लिहिलेला कायदा चालला. मला तो निकाल आवडतो, पण कायदा बनवणं हे जजचं काम नव्हे असं कोणी म्हटलं तर तोही चुकीचा नाही.

हा निकाल लिहिणारे होते सरन्यायाधीश जे. एस. वर्मा. हे नाव लक्षात ठेवा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ याच माणसाच्या आणखी एका निकालात आहे.

घटनेच्या कलम १२४ आणि २१७ मध्ये कॉलेजियम, म्हणजे जज निवडणारी जजांचीच कमिटी, हा शब्दच नाही. तिथे एवढंच आहे की राष्ट्रपती जजांची नेमणूक करतील, आणि सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करतील. विचारविनिमय म्हणजे कन्सल्टेशन, संमती नव्हे. घटना समितीत याच्यावर चर्चा झाली होती, काही सदस्य म्हणत होते की सरन्यायाधीशांची संमतीच लागली पाहिजे, आणि मे १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी शेवटी माणूस आहे, माणसाचे दोष, भावना, पूर्वग्रह त्यालाही असणारच, त्याच्या हातात व्हेटो देणं धोक्याचं. पण सगळं सरकारच्या हातात द्यायलाही ते तयार नव्हते. म्हणून हा मधला शब्द.

आता हा मधला शब्द समोरचा नीट वागला तरच चालतो. सुरुवातीला बऱ्यापैकी चाललं. मग १९७३ आलं. २४ एप्रिलला केशवानंद भारती निकाल लागला, ७ विरुद्ध ६, संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश जाहीर केलं. त्यांच्यावर शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर असे तीन सीनिअर जज होते, तिघांनी निकाल सरकारच्या विरुद्ध दिलेला, राय सरकारच्या बाजूने होते. तिघांनी राजीनामे दिले. सरकारच्या बाजूने संसदेत उघड सांगण्यात आलं की जजची विचारसरणी बघून नेमणूक करण्यात चूक काय.

त्याचं पुढे काय झालं ते १९७६ मध्ये दिसतं. आणीबाणीत माणसाला उचलून आत टाकलं तर तो कोर्टात जाऊ शकतो का, हा प्रश्न पाच जजांसमोर होता आणि चौघांनी नाही म्हणून सांगितलं. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय की निकालाच्या आधीच त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, या निकालापायी माझं सरन्यायाधीशपद जाणार. जानेवारी १९७७ मध्ये तसंच झालं, त्यांच्या ज्युनिअर बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बाकीचे चौघे घाबरूनच तसे वागले असं मी म्हणणार नाही, ते कोणाला सिद्ध करता येत नाही. पण एका जजला आपला निकाल लिहिताना त्याची किंमत आकड्यासकट माहीत होती, एवढं तर नक्की. त्याच काळात हायकोर्टाच्या १६ जजांच्या बदल्याही झाल्या. आणि गंमत म्हणजे त्या चौघांचा निकाल कागदावर चक्क संयमाचा आहे, सरकारने सुरक्षेसाठी काय ठरवलंय त्यात कोर्टाने पडू नये वगैरे. त्यामुळे संयम म्हटलं की मी आधी विचारतो, जजने तो स्वतःहून ठेवला की ठेवायला लागला.

पुढचा टप्पा १९८१, एस. पी. गुप्ता केस, आणि हिच्यात आपल्या मुंबईच्या वकिलांचाही हात आहे. तेव्हाच्या कायदामंत्र्यांनी सर्क्युलर काढलेलं, हायकोर्टाच्या ॲडिशनल जजांकडून दुसऱ्या राज्यात जायची संमती लिहून घ्या. ॲडिशनल जज म्हणजे अजून पर्मनंट न झालेला, त्याला संमती मागणं म्हणजे काय ते कळायला वकील असायची गरज नाही. मुंबईचे वकील याच्याविरुद्ध हायकोर्टात गेले, नंतर ते मॅटर बाकीच्यांबरोबर सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे जस्टिस भगवतींनी एकाच निकालात दोन टोकं गाठली. एकीकडे ते म्हणाले की गरीब माणसासाठी कोणीही कोर्टात येऊ शकतो, साधं पत्र लिहिलं तरी आम्ही याचिका मानू, म्हणजे जनहित याचिकेचा दरवाजा सताड उघडा. आणि दुसरीकडे नेमणुकीत शेवटचा शब्द सरकारचाच, विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. एकच जज, एकच निकाल, अर्धा ॲक्टिव्हिस्ट आणि अर्धा संयमी. म्हणून अमुक जज ॲक्टिव्हिस्ट, तमुक संयमी अशा चिठ्ठ्या चिकटवण्यात काही अर्थ नाही.

१९९३ मध्ये नऊ जजांनी हे उलटवलं. बहुमताचा मुख्य निकाल वर्मांचा. आता विचारविनिमय म्हणजे जवळजवळ संमतीच झाली, आणि सरन्यायाधीशांनी एकट्याने नाही तर दोन सीनिअर जजांना बरोबर घेऊन मत द्यायचं, १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी ते दोनाचे चार झाले. हेच कॉलेजियम. बाबासाहेबांनी जे नाकारलं होतं तेच कोर्टाने त्याच शब्दातून काढलं. विशाखात निदान कायद्याची जागा रिकामी होती, इथे तर शब्द लिहिलेला होता. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा ॲक्टिव्हिस्ट निकाल हाच, आणि १९७३ ते ७७ झालं नसतं तर तो झालाच नसता.

२०१४ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती करून सहा जणांचा आयोग आणला, तीन जज, कायदामंत्री आणि दोन प्रतिष्ठित व्यक्ती. ऐकायला झकास, पण खोच अशी की सहापैकी कुठल्याही दोघांनी नको म्हटलं की नाव बाद. म्हणजे ज्यांनी कोर्टाची पायरीही चढलेली नाही असे दोन प्रतिष्ठित तीन सीनिअर जजांना अडवू शकत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एकने ती दुरुस्ती रद्द केली. विरोधात एकटे चेलमेश्वर, त्यांचं म्हणणं की कॉलेजियमचा कारभार बाहेर कोणालाच दिसत नाही. त्यांचं ते बरोबर होतं, आणि आयोगाची ती खोचही वाईटच होती. मला दोन्ही पटतं, काय करू.

बरं, मग आता जजच जजांना नेमतात का? तुमच्या प्रश्नातलं हे अर्धवट आहे. हायकोर्टाचं नाव कसं जातं बघा. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि दोन सीनिअर नाव सुचवतात, ते राज्य सरकारकडून दिल्लीला कायदा मंत्रालयात जातं, आयबी माणसाची चौकशी करते, मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम बघतं, मग परत सरकार. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं, पण कॉलेजियमने पुन्हा तेच नाव दिलं की नेमणं भाग आहे. फक्त कधी, ते १९९३ च्या निकालात धड बांधलं गेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मुंबईचंच उदाहरण घ्या. सोमशेखर सुंदरेसन, कॉर्पोरेट कायद्यातले नावाजलेले वकील. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॉलेजियमने त्यांचं नाव पाठवलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने परत पाठवलं, कारण काय तर सोशल मीडियावर त्यांनी कोर्टात चालू असलेल्या विषयांवर मतं मांडलीत. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने कारणं छापून तेच नाव पुन्हा दिलं, मत मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्याने कोणी जज व्हायला नालायक ठरत नाही. आता नेमणूक बंधनकारक. ती निघाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. कॉलेजियमच्या पहिल्या शिफारशीपासून २१ महिने. दुसऱ्या वेळी सरकारने नाही म्हटलंच नाही, फाईल नुसती ठेवली.

यात नुकसान फक्त वेळेचं नाही. हायकोर्टात सीनिऑरिटी शपथेच्या तारखेपासून चालते आणि ६२ ला रिटायर. मागून सुचवलेला आधी शपथ घेऊन बसला की तो सीनिअर, आणि पुढे कॉलेजियममध्ये कोण बसणार, मुख्य न्यायाधीश कोण होणार हे बरंचसं त्याच क्रमावर. म्हणजे १९७३ ला जे एका दिवसात उघड केलं ते आता फाईल थांबवून गुपचूप होतं. आणि प्रॅक्टिस चांगली चाललेला वकील दोन वर्षं लटकत कशाला राहील, नवीन मॅटर घ्यावं की नाही तेही कळत नाही, कर्नाटकातल्या एका सीनिअर वकिलाने वाट बघून शेवटी संमतीच मागे घेतली.

कॉलेजियमही काही साधू नाही हो. अकील कुरेशी आपल्या हायकोर्टात जज होते, मे २०१९ मध्ये कॉलेजियमने त्यांचं नाव मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश म्हणून दिलं, सरकारने हरकत घेतली, आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजियमने ते बदलून त्रिपुरा केलं. मध्य प्रदेश केवढं हायकोर्ट आणि त्रिपुरा केवढं! इथे कॉलेजियमकडे तेच नाव पुन्हा पाठवायचा अधिकार होता, वापरला नाही.

त्यामुळे मला विचाराल तर आधी घड्याळ लावा, कमिटीत कोण बसतं ते नंतर. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते लावलंही, नाव दुसऱ्यांदा आलं की तीन ते चार आठवड्यात नेमणूक करा. सुंदरेसन यांचे दहा महिने या आदेशानंतरचे आहेत. मुदत पाळत नाहीत म्हणून बंगळुरूच्या वकिलांनी अवमान याचिका केली, तिच्यावर तारखा पडल्या, थोडी नावं निघाली, थोडी राहिली. परवा बार रूममध्ये आमचे एक सर सुप्रीम कोर्टाच्या साइटवरचा कॉलेजियमचा ठराव मोबाईलवर वाचत बसले होते, मी म्हटलं सर तुमच्या ओळखीचं कोणी आहे का यात, तर म्हणाले नाही रे, वरची तारीख बघतोय.