अण्णांचा आवाज हवाय, पत्र कसं लिहू?

"ताई, मी सांगलीची, पुण्यात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये पुराचं पाणी मोजणारे एक आजोबा आहेत. त्यांचा आवाज आमच्या गल्लीतल्या अण्णांनी द्यावा असं फार मनात आहे. अण्णांनी उभी हयात नाटकात काढली. आता पंचाहत्तरी ओलांडलीय, बरीच वर्षं रंगमंचावर नाहीत. मी त्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'आम्हाला तुमच्यासारखा म्हातारा, थरथरता आवाज हवाय. तुम्ही महान कलावंत आहात, नाही म्हणू नका.' मेसेज वाचला, पण उत्तर नाही. आई म्हणते, घरी जाऊन पाया पड. मी त्यांना दुखावलं का?"
– आयर्विन पुलाजवळची

मुली, थोडं दुखावलं असशील. पण उत्तर न येण्याचं कारण मला दुसरंच वाटतं. तुझ्या मेसेजमध्ये भूमिका कोणती, बोलायचं किती, कुठे आणि कसं, यातलं काहीच नाही. रंगमंच सोडलेल्या नटाच्या डोळ्यांपुढे अशा वेळी काय येतं? पाठांतर होईल का, पुण्याला जावं लागेल का, पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवता येतील का, कवळीमुळे 'स' नीट उमटेल का. ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, माणूस गप्प बसतो. पाया पडायला गेलीस तर नाही म्हणणं त्यांना आणखी जड जाईल.

यातली बरीचशी भीती तुझ्या कामात नाहीच, आणि ते तू सांगायला हवंस. तयार चित्राला आवाज द्यायचा असतो तेव्हा ओठ जुळवावे लागतात. ॲनिमेशनमध्ये बहुधा आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि त्यावर चित्रं काढली जातात. एका सेकंदाला 24 फ्रेम्स असतात. अण्णा दोन वाक्यांमध्ये दोन सेकंद थांबले, तर त्या 48 फ्रेम्स आजोबांच्या चेहऱ्याला मिळतात. कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवायचं आणि तुझी पेन्सिल त्यांच्या मागे जाणार. नटाला याहून मोठं आमंत्रण कोणतं? तू तात्पुरता स्वतःच्या आवाजात ट्रॅक भरला असशील, तर तो त्यांना ऐकवू नकोस. ऐकला की ते तुझी लय धरतील.

'थरथरता' हा शब्द मात्र काढून टाक. रंगमंचावर म्हातारा उभा करण्याची एक रीत असते: आवाजाला कंप, मध्येच खोकला, श्वास तुटलेला. तू थरथर मागितलीस तर अण्णा तीच रीत काढतील आणि पंचाहत्तरीचा खरा आवाज तिच्याखाली दडपून जाईल. तुला आज बोलतात तसेच अण्णा हवे आहेत.

म्हणून पत्र कागदावर लिही, ठळक अक्षरात. साधारण असं:

"आदरणीय अण्णा, साष्टांग नमस्कार. मी सहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करते आहे. त्यात आजोबा आणि नात पुराच्या रात्री जागे आहेत. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे आजोबांना पाठ आहे. ते घाबरलेत, पण नातीला ते कळू द्यायचं नाही. त्यांचं शेवटचं वाक्य आहे: 'पंचेचाळीसला टेकलं पाणी. तू वर जा, मी येतो मागनं.' हे तुम्ही म्हणावं अशी माझी इच्छा आहे. आवाज तुमचा आहे तसाच हवा.
एकूण संवाद दोन मिनिटांहून कमी आहेत. पाठांतर नाही, कागद समोर ठेवून बसून वाचायचं. ओठ जुळवायचे नाहीत, चित्रं तुमच्या आवाजावरून काढू. ध्वनिमुद्रण तुमच्याच घरी, तुमच्या सोयीच्या सकाळी, मध्ये विश्रांती धरून दीड तास. मानधन … रुपये त्याच दिवशी देईन. श्रेयनामावलीत तुमचं नाव असेल. आवाज फक्त याच फिल्मसाठी वापरीन. फिल्म कॉलेजात आणि महोत्सवांत दाखवली जाईल, इतर कशासाठी हवा असला तर पुन्हा विचारीन. संहिता सोबत जोडली आहे. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. – तुमची …"

मानधनाचा आकडा लिहायचाच. 'तुम्ही म्हणाल ते' असं लिहिलंस की संकोच त्यांच्या गळ्यात पडतो. थोडे असले तरी चालतील, पण आकडा दिसू दे. पत्र स्वतः नेऊन दे आणि उत्तरासाठी दारात उभी राहू नकोस. दिवस सुचवताना 5 नोव्हेंबरच्या आसपासचा नको. सांगलीत रंगभूमी दिनाला भावे गौरवपदकाचा सोहळा असतो, जुनी नाटकवाली मंडळी त्यात गुंतलेली असतात.

त्यांनी होकार दिला तर घर आधी पाहून ठेव. रिकामी फरशीची खोली आवाज घुमवते. गाद्या, कपड्यांचं कपाट, जाड पडदे असलेली खोली निवड. खोलीत उभी राहून एक टाळी वाजव. मागे शेपटासारखा आवाज रेंगाळला तर दुसरी खोली बघ. पंखा आणि फ्रिज बंद ठेव, निघताना फ्रिज आठवणीने सुरू कर. शेजारच्या कुकरची वेळही विचारून ठेव. संवादांखेरीज त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित कर, संवाद तोडून जोडताना ती मध्ये भरायला लागते. संहिता एकाच बाजूला छापलेली, मोठ्या अक्षरात, सुटी पानं हवीत. वाक्य पान ओलांडून जाऊ देऊ नकोस, कारण पान उलटल्याची सळसळ माईक नेमकी पकडतो.

मी आकाशवाणीच्या श्रुतिकांत कामं केली आहेत. नाटकातून आलेली मोठी माणसं पहिल्या वाचनाला हमखास शेवटच्या रांगेसाठी बोलायची. अण्णांचंही तसं होईल. अंग मागे रेलेल, हनुवटी वर जाईल, आवाज भिंतीवर आपटेल. तेव्हा 'हळू बोला' किंवा 'अभिनय कमी करा' असं म्हणू नकोस. हळू म्हटलं की ते नुसता आवाज बारीक करतात आणि वाक्यातला जीव जातो. माईक तोंडापासून एक वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेव. माईकमागे घरातली एखादी लहान मुलगी बसव आणि सांग, "अण्णा, फक्त हिला सांगायचंय, पलीकडच्या खोलीत आई झोपलीय." बोलायला एक माणूस मिळाला की नटाची फेक आपोआप बदलते. त्यांनी पूर्वी श्रुतिका केल्या असतील तर हेही लागणार नाही, म्हणून आधी विचार.

शेवटचं वाक्य आधी घेऊ नकोस, पण फार उशिरालाही ठेवू नकोस. या वयात घसा तासाभरात कोरडा पडतो, जिभेचा चटचट आवाज यायला लागतो. तो कानाला लागला की थांब आणि कोमट पाणी दे. त्या वाक्याचे तीन वेगळे टेक पुरेत. प्रत्येकाआधी एकच गोष्ट सांग, जसं "या वेळी ती वर जाणार नाही असं तुम्हाला वाटतंय."

आणि नकार आला, तर गळ घालू नकोस. काही दिवस जाऊ दे, मग फक्त एवढंच विचार की संहिता एकदा ऐकाल का, आपल्या भागातलं बोलणं कुठे चुकलंय ते सांगाल का. एवढं ते कदाचित आनंदाने करतील, आणि त्यांनी सुधारून दिलेल्या ओळी दुसरा कोणीही आवाज देणारा जास्त नीट म्हणेल.

– ताई